तुटलेल्या दाताचा फोटो समोर असूनही भूल आणि एक्स-रे कशासाठी?

«डॉक्टर, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. तुम्ही त्या स्पिट्झच्या तोंडाचा फोटो टाकलात. त्यात कीटण दिसतंय, हिरड्या लाल दिसताहेत, दाढ तुटलेली दिसतेय. मग तपासायचं राहिलं काय? रक्त, एक्स-रे, पूर्ण भूल हे सगळं बिल वाढवायचे धंदे. आमच्या ब्रूनोची (लॅब, ६ वर्षं) वरची दाढ वर्षभरापूर्वी हाडाची नळी चावताना तुटली. मध्ये काळा ठिपका आहे. तरी पठ्ठ्या दोन्ही वेळ भांडं चाटूनपुसून खातो. कीटण ग्रूमिंगवाल्याने भूल न देता वीस मिनिटांत काढलं, आता दात पांढरेशुभ्र आहेत.»

नमस्कार. राग मुळीच नाही. उलट त्या फोटोसोबतच्या लेखात मी «पूर्ण तपासणी लागेल» एवढंच लिहून पुढे गेले, ही माझी चूक. पैसे तुम्ही भरणार, तेव्हा ते कशासाठी हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. म्हणून त्या स्पिट्झचीच गोष्ट पुढे सांगते. तिला इथे चिंगी म्हणू. वय ७ वर्षं, वजन ८ किलो.

फोटोला मी कमी लेखत नाही. चिंगीच्या फोटोने मला पहिला धागा दिला, पण तो कीटणाच्या जाडीत नव्हता. मी मालकांकडून उजव्या बाजूचाही फोटो मागवला. डावीकडच्या वरच्या दाढांवर तपकिरी कवच चढलेलं, उजवीकडे मात्र पिवळसर पातळ थर. गालाच्या आत लाळेची नळी वरच्या मोठ्या दाढेजवळ उघडते, त्यामुळे लाळेतले क्षार तिथे आधी साचतात आणि कीटण तिथेच जास्त धरतं. पण तसं दोन्हीकडे सारखं व्हायला हवं. एकाच बाजूला एवढा फरक असेल तर कुत्रं त्या बाजूने चावत नाही, हे जवळजवळ नक्की. चावताना दात घासले जातात, न वापरलेल्या बाजूला ते होत नाही. म्हणजे कीटण हा इथे आजार कमी आणि दुखऱ्या दाताचा पत्ता जास्त होता.

मग ती टेबलावर आली. तोंड उघडायच्या आधी मी जबड्याखालच्या गाठी चाचपल्या. डावी गाठ उजवीपेक्षा ठळक लागत होती. डाव्या डोळ्याच्या खाली, गालफडावर अंगठा ठेवून हलकं दाबलं तर तिथे टणकपणा जाणवला आणि तिने लगेच मान फिरवली. वरून सूज दिसत नव्हती, फोटोत तर नाहीच नाही. वरच्या या मोठ्या दाढेला तीन मुळं असतात आणि ती थेट डोळ्याच्या खालपर्यंत गेलेली असतात. मुळाशी पू झाला की तो पुष्कळदा डोळ्याखालून फुटतो. घरचे म्हणतात, काहीतरी चावलं किंवा खरचटलं. अँटिबायोटिकने जखम भरते, महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा वाहते. दाताच्या मेलेल्या नसेत रक्त फिरत नाही, त्यामुळे औषध त्या जागी पोचतच नाही.

आता रक्त तपासणी. चिंगीच्या प्लेटलेट्स ६२ हजार आल्या. कुत्र्यात त्या साधारण दोन लाखांच्या वर असायला हव्यात. अंगावर गोचीड सापडले नाहीत, पण पावसाळा नुकताच सरला होता आणि आपल्याकडे गोचीड ताप वर्षभर भेटतो. चाचणी केली, तोच निघाला. त्या दिवशी भूल देऊन दाढ काढली असती तर रक्त थांबवताना माझ्या नाकी नऊ आले असते. तिला चार आठवडे डॉक्सीसायक्लिन दिलं, मऊ जेवण, हाडं बंद, आणि प्लेटलेट्सना धक्का न लावणारं वेदनाशामक. आकडा सव्वादोन लाखांवर गेल्यावर दातांना हात लावला. ज्या तपासणीला तुम्ही बिल वाढवणं म्हणता, तिनेच ऑपरेशन महिनाभर पुढे ढकललं.

भूल दिल्यावर कीटण काढलं तेव्हा दाढेचा खरा तुकडा कुठून गेला ते दिसलं. फोटोत फक्त टोक उडाल्यासारखं वाटत होतं. प्रत्यक्षात गालाकडचा पापुद्रा उभा सुटून हिरडीच्या आतपर्यंत गेला होता, आणि खालचा भाग अजून हिरडीला धरून होता. मधल्या ठिपक्यावर सुईसारखं टोकदार अवजार, एक्सप्लोरर, फिरवलं. ते आत अडकलं. म्हणजे दाताची नस उघडी होती आणि तोंडातल्या जंतूंना मुळापर्यंत मोकळा रस्ता होता.

पण ज्याने मला खरा धक्का दिला तो दात फोटोत निर्दोष होता. खालच्या जबड्याची उजवी मोठी दाढ. कीटण नावाला, हिरडीच्या काठावर लाल रेघ, बस. लाल हिरडी म्हणजे सूज आहे एवढंच कळतं. ती सूज हिरडीपुरती आहे की खालचं हाड खाऊन बसली आहे, हे रंग सांगत नाही. शिवाय फ्लॅशमध्ये निरोगी हिरडीही लाल दिसते, आणि काळ्या हिरडीच्या कुत्र्यात सुजलेलीही लाल दिसत नाही. त्यासाठी मिलिमीटरच्या खुणा असलेली बोथट सळई, प्रोब, दात आणि हिरडीच्या फटीत अलगद सरकवावी लागते, प्रत्येक दाताभोवती निरनिराळ्या जागी. कुत्र्यात ३ मिलिमीटरपर्यंत आत जाणं ठीक. मांजरात १ च्या पुढे गेली तरी काळजी. डावीकडच्या कीटणाने झाकलेल्या बाकीच्या दाढांभोवती प्रोब २ वर थांबला, म्हणजे ते दात उत्तम होते. या स्वच्छ दिसणाऱ्या दाढेच्या आतल्या, जिभेकडच्या बाजूला तो ७ पर्यंत गेला.

जागं कुत्रं हे करू देत नाही. माणसाला «आ करा» म्हणता येतं, तरी आपणही खुर्चीचे हात घट्ट धरतो.

मग त्या दाढेचा एक्स-रे काढला. पुढच्या मुळाभोवतीचं हाड विरघळलं होतं आणि जबड्याच्या खालच्या कडेला हाडाची जेमतेम पट्टी उरली होती. लहान जातीच्या कुत्र्यांत ही दाढ जबड्याच्या मानाने फार मोठी असते, मुळं खालच्या कडेपर्यंत टेकलेली. एक्स-रे न बघता जोर लावून ती उपटायला गेलं तर दाताऐवजी जबडा मोडतो. मी ती मधून कापून दोन तुकडे केले आणि एकेक मूळ सैल करून बाहेर काढलं. १९९८ साली कॅलिफोर्नियात, डेव्हिसच्या विद्यापीठात, कुत्र्या-मांजरांच्या संपूर्ण तोंडाचे एक्स-रे तपासले गेले. वरून ठीक दिसणाऱ्या दातांत महत्त्वाचा दोष निघालेली कुत्री सुमारे २८ टक्के होती, मांजरं ४२ टक्के.

ग्रूमिंगवाल्याबद्दल. तो मनापासून काम करत असेल, यात मला शंका नाही. पण जाग्या कुत्र्याच्या दाताचा हिरडीवरचा, बाहेरून दिसणारा भागच त्याला खरवडता येतो. रोग हिरडीखाली असतो, तिथे तो जाऊच शकत नाही. शिवाय खरवडल्यावर दातावर बारीक ओरखडे राहतात. आम्ही नंतर पॉलिश करतो ते चमक यावी म्हणून नाही, तर ओरखडे बुजावेत म्हणून. ते केलं नाही तर नवा थर खडबडीत जागेवर आणखी पटकन बसतो, आणि लाळेतल्या क्षारांनी तो दोन-तीन दिवसांत कडक व्हायला लागतो. तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट गेली: ब्रूनोच्या कोणत्या बाजूला कीटण जास्त होतं, ही खूण. आधीचा एखादा फोटो मोबाईलमध्ये असेल तर शोधून बघा.

भुलेची भीती खोटी नाही. ब्रिटनमध्ये २००२ ते २००४ दरम्यान मोठी पाहणी झाली, त्यात भूल दिल्यानंतर दगावलेल्या निरोगी कुत्र्यांचं प्रमाण दोन हजारांत एकाच्या आसपास होतं, आधीच आजारी असलेल्यांत साधारण पंचाहत्तरांत एक. या दोन आकड्यांमधलं अंतर बघा. आपलं कुत्रं कोणत्या गटात बसतं, हे ठरवायलाच छातीला स्टेथोस्कोप लावायचा आणि मूत्रपिंड-यकृताचे आकडे बघायचे. हृदयातून खरखर ऐकू आली म्हणून मी दातांचं काम थांबवून आधी इको करायला पाठवलेली कुत्रीही आहेत.

आता ब्रूनो. त्याचं भांडं रिकामं होतं यावरून दाढेबद्दल काही ठरवता येत नाही. दूध-भात किंवा भिजवलेलं खाणं लॅब चावत नाही, गिळतो. नस मेली की सुरुवातीची कळही जाते, आणि घरच्यांना वाटतं बरं झालं. काळा ठिपका दोन प्रकारचा असू शकतो. दात हळूहळू झिजला तर आतून नवा थर धरतो. तो गडद तपकिरी, काचेसारखा गुळगुळीत असतो आणि एक्सप्लोरर त्यावरून घसरतो. एकदम तुटलेल्या दाढेत नस उघडी पडून मेली तर तिथे भोक राहतं आणि टोक अडकतं. नळी चावताना तुटलेली दाढ म्हटल्यावर मला दुसरीच शक्यता जास्त वाटते, पण फोटोवरून हे दोन ठिपके मलाही वेगळे सांगता येत नाहीत. आणि टोक घसरलं तरी एक्स-रे टाळता येत नाही, कारण वरून बंद असलेला दातही आतून मेलेला असू शकतो. मुळाच्या टोकाभोवती हाडात काळं वर्तुळ दिसलं तर तो मेला.

वर्तुळ नसेल आणि ठिपका बंद असेल, तर दाढ तशीच ठेवायची आणि सहा महिने ते वर्षाने पुन्हा एक्स-रे काढायचा. वर्तुळ असेल किंवा नस उघडी असेल तर दोन वाटा आहेत. एक, तिन्ही मुळं कापून वेगळी करून दाढ काढणं. दुसरी रूट कॅनाल, पण ते करणारे आपल्याकडे थोडे आहेत. बाकी वर्षभर थांबलेल्या दाताला आज-उद्याची घाई नाही. घाई असते ती दीड वर्षाच्या आतल्या पिल्लाचा दात ताजा तुटून गुलाबी ठिपका किंवा रक्त दिसत असेल तेव्हा. दोन दिवसांच्या आत पोचलं तर नस वाचवायचा प्रयत्न करता येतो.

आज संध्याकाळी तो झोपेत निवांत असताना दोन्ही डोळ्यांखाली अंगठे ठेवून एकाच वेळी हलकं दाबून बघा. एक बाजू टणक लागते का, तो मान वळवतो का. उद्या त्याला गाजराचा मोठा तुकडा द्या आणि तो कोणत्या बाजूने चावतो, मध्येच खाली टाकून पुन्हा उचलतो का, ते पाहा. जे दिसेल ते इथेच लिहा, आणि तुटलेली दाढ डावीकडची की उजवीकडची तेही कळवा.