ठराव क्रमांक सात-बारा

आमच्या सोसायटीत सचिव निवडून येत नाही, तो सापडतो. मी सापडलो तो एका प्रश्नामुळे. वार्षिक सर्वसाधारण सभेत सगळ्यांचं लक्ष समोशांच्या खोक्यांकडे लागलेलं असताना मी विचारलं, "याच विषयावर पूर्वी एक ठराव झाला होता ना?" सभागृहात, म्हणजे पार्किंगमध्ये, शांतता पसरली. अध्यक्षकाकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "यांना आठवतं म्हणजे यांनाच सचिव करू." पुढच्या दहा सेकंदांत सूचक मिळाला, अनुमोदक मिळाला आणि ठराव सर्वानुमते मंजूर झाला. मी विरोधात हात वर केला होता, पण तो समोशासाठी आहे असा सर्वांचा समज झाला.

पदभार म्हणून मला एक शिक्का, सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्ताची दोन पुस्तकं, व्यवस्थापक समितीच्या इतिवृत्ताची चार पुस्तकं आणि एक पेनड्राइव्ह मिळाला. पेनड्राइव्हवर एकच फाईल होती: `THARAV FINAL new (2).xlsx`. मावळते सचिव म्हणाले, "1996 पासूनचे सगळे ठराव आहेत यात. फक्त शोधायचं." या 'फक्त'ने मला पुढे तीन आठवडे छळलं.

एप्रिल संपता संपता तिसऱ्या मजल्यावरच्या आजी दारात आल्या. "बाळा, गच्चीची चावी दे रे. पापड वाळत घालायचेत." मी चावी शोधेपर्यंत गच्चीखालच्या मजल्यावरचे काका जिना उतरून आले. त्यांच्या डोक्यावर कुणी चाललं की त्यांचं डोकं दुखतं. "चावी मिळणार नाही," ते म्हणाले. "ठराव आहे. सात-बारा. गच्ची बंद."

मी फाईल उघडली आणि शोधात 7/12 टाकलं. काही सापडलं नाही. काका मागे उभे होते. "नीट टाका." मी नीट टाकलं. नाहीच. मग ठराव क्रमांकाच्या रकान्यावरून नजर फिरवली आणि कळलं, तिथे ठरावच नव्हते, कॅलेंडर होतं. 05-Dec, 06-Dec, 07-Dec.

झालं होतं असं. आमच्याकडे आधी ठरावाचा अनुक्रमांक आणि मग वर्ष लिहायची पद्धत. 2012 सालचा सातवा ठराव म्हणजे 7/12. कुणीतरी हे भक्तिभावाने एक्सेलमध्ये टाइप केलं. एक्सेलला सातबारा माहीत नाही, ठरावही माहीत नाही. त्याला वाटलं, सात डिसेंबर. आणि वर्ष दिलं नसल्याने त्याने टाइप केलं त्या दिवसाचं चालू वर्ष स्वतःच्या खिशातून घातलं. म्हणजे 2012 चे ठराव डिसेंबरात गेले, 2011 चे नोव्हेंबरात, 2010 चे ऑक्टोबरात. पुढे एका हुशार सचिवांनी वर्ष पूर्ण लिहायला सुरुवात केली, 7/2013 असं. ते झालं Jul-13. त्या वर्षीचे पहिले बारा ठराव बारा महिने होऊन बसले, आणि तेरावा मात्र, तेरावा महिना नसल्यामुळे, जसाच्या तसा 13/2013 राहिला. क्रमवार लावायला गेलो तर तारखा झालेले ठराव वर आणि अक्षरं राहिलेले खाली, अशी पंगतच वेगळी बसली.

मला वाटलं, रकान्याचा प्रकार बदलून Text केला की झालं. केला. 07-Dec च्या जागी 45998 आलं. काका म्हणाले, "इतके ठराव झाले आपले?" एक्सेल तारीख आतून 1900 पासूनच्या दिवसांच्या मोजणीने ठेवतं. एकदा तारीख झाली की मूळ 7/12 पुसलं जातं, नंतर वेश बदलून ते परत येत नाही. रकाना टाइप करण्याआधी Text करायचा असतो, किंवा आकड्याच्या आधी ' असं चिन्ह द्यायचं असतं. आता पर्याय एकच, पुस्तक उघडून पुन्हा लिहिणे.

पुस्तकं उघडली तेव्हा कळलं की 7/12 दोन आहेत. सर्वसाधारण सभा आणि व्यवस्थापक समिती यांची पुस्तकं वेगळी आणि दोन्हींत क्रमांक दर वर्षी एकपासून. सर्वसाधारण सभेचा 7/12 होता कंपाउंडच्या भिंतीला चुना लावण्याबद्दल. समितीचा 7/12 होता गच्चीबद्दल. क्रमांक एवढाच दिला तर काका चुन्याच्या आधारे पापड अडवत होते असंही म्हणता आलं असतं.

म्हणून मी क्रमांक मोडून तीन रकान्यांत टाकला: वर्ष, सभा, अनुक्रम. सर्वसाधारण सभेला 'सस', समितीला 'व्यस'. चौथ्या रकान्यात तिघांची मोट बांधली:

```
=A2&"-"&B2&"-"&TEXT(C2,"00")
```

यातून 2012-व्यस-07 असं नाव तयार होतं. ते एकमेव असतं, तारखेसारखं दिसत नाही आणि सरळ क्रमाने लागतं. पुढे इतिवृत्त पुस्तक क्रमांक आणि पान. ठरावाचा मजकूर मी मुद्दाम घेतला नाही, विषय तेवढा घेतला. जुन्या फाईलमध्ये कुणीतरी या ठरावापुढे 'गच्ची बंद' असं लिहून ठेवलं होतं. पुस्तकात पाहिलं तर मजकूर असा: "ठराव क्र. 3 रद्द करून गच्चीची चावी यापुढे सचिवांकडे राहील व समारंभासाठी वापर केल्यास रु. 500 आकारण्यात येतील." बंद हा शब्दच नाही. काका म्हणाले, "अर्थ तोच." सही झालेलं पुस्तक हेच रेकॉर्ड, फाईल ही त्याची अनुक्रमणिका. अनुक्रमणिकेने गोष्ट सांगायला घेतली की अशी गच्ची बंद होते.

पण आता नवीन भूत उभं राहिलं. रद्द केलेला 'ठराव क्र. 3' कोणता? वर्ष नाही, सभा नाही. लिहिणाऱ्याला माहीत होता, ऐकणाऱ्यांनाही माहीत असावा, कारण सर्वांनी माना डोलावल्या असणार. इतिवृत्तातल्या सगळ्या रोगांचं मूळ या माना डोलावण्यात आहे. 2016 च्या समितीने लिहिलं, "मागील ठरावात अंशतः बदल करून रु. 500 ऐवजी रु. 1000." 2019 च्या समितीने त्याहून कडी केली: "गच्चीबाबत पूर्वीच्या ठरावानुसारच कार्यवाही करावी." त्यांना ठराव सापडला नव्हता हे मला आता शपथेवर सांगता येईल.

मग 1996 ते 2012 मधले सगळे क्रमांक तीनचे ठराव काढायला बसलो. समितीचे तीन नंबर ढीगभर विषयांचे होते: पंप, वॉचमनची छत्री, पुन्हा पंप. सर्वसाधारण सभेचा तीन नंबर मात्र कर्मठ. आमच्याकडे एक नंबरला मागील इतिवृत्त कायम होतं, दोनला हिशेब मंजूर होतात, तीनला लेखापरीक्षण अहवाल स्वीकारतात. वर्षानुवर्षं तेच अक्षर, तीच शाई, तोच अहवाल स्वीकारल्याचा थकलेला स्वर. रात्री अकरा वाजता 2009 चं पान उलटलं आणि क्रमांक तीनवर अहवाल नव्हता! त्या वर्षी सभा सुरू होताच गच्चीवरून भांडण पेटलं असावं, कारण अहवाल चारवर ढकलला होता आणि तीनवर लिहिलं होतं: "गच्ची सर्व सभासदांना घरगुती कामासाठी खुली राहील. चावी वॉचमनकडे राहील. रात्री 10 नंतर गच्ची बंद." पुस्तक दुसरं, पान 31. मी एकटाच टाळ्या वाजवल्या. आतून बायको म्हणाली, "पंप बंद करा."

आता खरी गंमत. 2009-सस-03 हा सर्वसाधारण सभेचा ठराव. 2012-व्यस-07 हा समितीचा. समितीने सभेचा ठराव रद्द केला होता, म्हणजे मुनीमाने शेटजींना रजेवर पाठवलं होतं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 72 प्रमाणे संस्थेचा अंतिम अधिकार सर्वसाधारण सभेकडे असतो. सभेने घेतलेला निर्णय बदलायचा तर पुन्हा सभेपुढेच जायला हवं. जुन्या फाईलमध्ये मात्र 2009 च्या ठरावापुढे निवांतपणे 'रद्द' असं लिहिलेलं, आणि तेरा वर्षं ते सगळ्यांनी मानलेलं.

स्थितीचा तो रकाना म्हणजे स्वतंत्र मनोरंजन होतं. 'झाले', 'झालं', 'पूर्ण', 'जवळजवळ पूर्ण', 'बघू', एका ठिकाणी नुसतंच 'हो'. बऱ्याच ठिकाणी 'मंजूर'. पण मंजूर हा निर्णय झाला, आजची स्थिती नव्हे. मंजूर तर लिफ्टचा आरसाही आहे, 2004 पासून. म्हणून दोन रकाने केले. एकात सभेने काय केलं: मंजूर, नामंजूर, पुढे ढकलला. दुसऱ्यात आज त्याचं काय: अमलात आला, प्रलंबित, लागू, बदलला, रद्द. 'लागू' हा शब्द मला फार उशिरा सुचला. टाकी साफ करण्याचा ठराव अमलात येऊन संपतो. चावी कुणाकडे राहील हा ठराव संपत नाही, तो दुसरा ठराव येईपर्यंत लागू असतो. जुन्या फाईलमध्ये चावीच्या ठरावापुढे 'पूर्ण' लिहिलं होतं. चावी पूर्ण झाली म्हणजे नक्की काय, हे मावळत्या सचिवांना विचारलं, तर ते म्हणाले, "करून घेतली होती आम्ही दुसरी."

शब्द हाताने टाइप करायची सोय काढून टाकली आणि यादीतून निवडायला लावलं. त्याशिवाय 'कोणता ठराव बदलला' या रकान्यात पूर्ण नाव लिहिणं सक्तीचं. तिथे फाईलमध्ये नसलेल्या ठरावाचं नाव पडलं तर शेजारचा रकाना TRUE म्हणून ओरडतो:

```
=AND(H2<>"",COUNTIF(D:D,H2)=0)
```

'मागील ठराव' असं लिहून पाहिलं. ओरडला. इतकं समाधान मला बोनस मिळाला तेव्हाही झालं नव्हतं.

मेच्या समितीच्या सभेत मी सगळी साखळी वाचून दाखवली. 2009 लागू. 2012, 2016, 2019 अधिकाराबाहेरचे, येत्या वार्षिक सभेपुढे ठेवण्यासाठी प्रलंबित. तोपर्यंत चावी वॉचमनकडे. काकांनी विचारलं, "आणि माझं डोकं?" अध्यक्षकाका म्हणाले, "रात्री दहानंतर."

दुसऱ्या दिवशी सकाळी पान 31 ची झेरॉक्स घेऊन मी आजींकडे गेलो. ठराव वाचून दाखवला, क्रमांकासकट. त्यांनी शांतपणे ऐकला.

"चावी कशाला रे लागते?" त्या म्हणाल्या. "गेल्या पावसाळ्यात गंजलं, तेव्हापासून कुलूप नुसतं अडकवलेलं असतं. उडदाचे झाले माझे, आज पोह्याचे घालतेय."

"मग चावी मागायला का आला होतात?"

"तू नवीन सचिव ना. विचारलेलं बरं असतं."

मी घरी येऊन फाईल उघडली. 2009-सस-03 पुढे 'लागू' निवडलं आणि शेऱ्यात लिहिलं, 'कुलूप गंजले आहे'. इतिवृत्त पुस्तक आणि पान या दोन रकान्यांशी मात्र अजून अडलोय. आजींनी दिलेले चार पापड कीबोर्डशेजारी आहेत, एक मोडलाय.