चहा फक्त बोलीवाल्यांना

नागपूरच्या बर्डीतल्या चिट फंडाच्या ऑफिसात काल मला चहा दिला नाही. मी बोली लावली नव्हती, म्हणून पोऱ्या ट्रे घेऊन माझ्या नाकासमोरून गेला तो थेट काकांकडे. "बोलीवाल्यांनाच हाय," म्हणे. दर महिन्याला हप्ता भरतो मी, फुकटा नाही.

आमची चिट एक लाखाची : २० जण, २० महिने, महिन्याला ५ हजार. दर महिन्याला जमणारा लाख, बोलीत जो सगळ्यात जास्त सोडेल तो उचलतो. काल पाचवी बोली. काकांनी २५ हजार सोडून ७५ हजार उचलले. सोडलेल्यातले ५ हजार चिट चालवणाऱ्या फोरमनचे, उरलेले २० हजार वीस जणांत वाटले, म्हणून या खेपेचा हप्ता ४ हजार. आधीचे चारही तेवढेच पडले होते.

काकांनी बशीत चहा ओतला आणि अख्ख्या ऑफिसला ऐकू जाईल असं म्हणाले, "पंचवीस टक्के, वीस महिने. वर्षाला पंधरा पडले. पर्सनल लोन याच्याहून सस्तं भेटते का बाप्पा?"

"वीस महिने कुठले काका? पाच तर गेले."

"गेले तर गेले!"

"आणि पंच्याहत्तरमधले वीस हजार तुमचेच, पाच हप्त्यांचे. उसने आले ५५."

फोरमन हसला. माझा पारा चढला. पुढचे पंधरा हप्ते; वाटणी कमी होत जाते म्हणून सरासरी साडेचार हजार धरले. फेडायचे ६७,५००, म्हणजे व्याज साडेबारा हजार. पण उसनं दर महिन्याला फिटत जातं, अंगावर सरासरी २९ हजारच राहतात. सव्वा वर्षात त्यावर साडेबारा, म्हणजे वर्षाला ३४ टक्के! मोबाईलच्या शीटमध्ये वीस महिन्यांची देवघेव टाकून व्याजाचा खरा दर काढणारं `=IRR(A1:A20)` केलं, तर महिन्याला ३, वर्षाला ३६.

काकांनी बशी चाटूनपुसून खाली ठेवली. "मास्तर, एवढं गणित करून चहा तरी भेटला का तुम्हाले?"

ऑफिस खदखदलं.

बरं, शेवटपर्यंत थांबणाऱ्याचं काय? तो ८७,५०० भरून विसाव्या महिन्यात ९५ हजार घेणार. सरळ व्याजाने वर्षाला ११ टक्के, तेही पुढचे हप्ते मी धरले तेवढेच पडले तर. काका देतात ३६, त्याला मिळतात ११. मधलं बरंच फोरमनकडे जातं : महिन्याला ५ हजार म्हणजे वीस महिन्यांत पुरे एक लाख, आमची अख्खी चिट. आणि हे कायद्यात बसतं. २०१९ पर्यंत कमिशनची मर्यादा ५ टक्के होती, आता ७ केली आहे. आमचा फोरमन पाचच घेतो, हे तो प्रत्येक बोलीला ऐकवतो.

निघताना काकांनी जिन्यात गाठलं. उचल हातात पडायला जामीनदार लागतात.

"तुमची सरकारी नोकरी ना? पगाराची स्लिप आणा उद्या. दोन झेरॉक्सा काढजा."