मेडिकलमध्ये क्रिएटिनिन वाढलेलं आलं म्हणजे किडनी गेली?

"जिमवाल्यांनो, फिटनेस मेडिकल किंवा इन्शुरन्सची टेस्ट असेल तर हे वाचा. क्रिएटिनिन जास्त आलं म्हणजे क्रिएटिन पावडरने किडनी गेली. आठवडाभर आधी पावडर बंद करा, टेस्टच्या सकाळी ४-५ लिटर पाणी प्या आणि फॉर्मवर सप्लिमेंटचं काही लिहू नका, लिहिलं की रिजेक्ट."

जिममध्ये मिळणारा हा सल्ला चुकीचा आहे. आधी किडनीचं बोलू. क्रिएटिन आणि क्रिएटिनिन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि सगळा घोळ इथूनच सुरू होतो. क्रिएटिन स्नायूंमध्ये साठलेलं असतं, त्यातलं रोज साधारण १.७ टक्के आपोआप बदलून क्रिएटिनिन होतं, ते रक्तात येतं आणि किडनी ते लघवीतून बाहेर टाकते. म्हणजे रक्तातला आकडा दोन गोष्टींवर ठरतो, बनतंय किती आणि बाहेर जातंय किती, पण रिपोर्टवर फक्त शेवटचा आकडा येतो, तो कुठल्या बाजूने वाढला हे तिथे लिहिलेलं नसतं. अंगावर मसल जास्त असेल तर मुळात बनतंच जास्त, पावडरने साठा वाढला की त्यात आणखी थोडी भर, आदल्या रात्री भरपूर मटण-चिकन खाल्लं असेल तर अजून थोडी, कारण मांस शिजताना त्यातल्या क्रिएटिनचं काही प्रमाणात क्रिएटिनिन होतंच.

माझ्यासोबत व्यायाम करणाऱ्या एकाचं उदाहरण सांगतो. वय २९, उंची १७८ सेंमी, वजन ९४ किलो, दीड वर्षापासून रोज ५ ग्रॅम क्रिएटिन मोनोहायड्रेट. आदल्या संध्याकाळी जोरदार लेग डे केला, घाम गेला, पाणी कमी प्यायला आणि सकाळी उपाशीपोटी रक्त दिलं. क्रिएटिनिन आलं १.४५, लॅबची पुरुषांसाठीची रेंज ०.७ ते १.३. त्याच्याखाली ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती गाळते याचा आकडा, ६७ आणि शेरा, किडनीचं काम कमी, पुढची तपासणी करा. घरचे घाबरले, साहजिक आहे. पण हा ईजीएफआर मोजलेला नसतो, तो फॉर्म्युल्याने काढलेला अंदाज असतो. त्या फॉर्म्युल्यात वय, लिंग आणि क्रिएटिनिन एवढंच जातं, वजन किंवा मसल जातच नाही. त्यामुळे ९४ किलोचा लिफ्टर आणि त्याच वयाचा ६० किलोचा सडपातळ माणूस, दोघांचं क्रिएटिनिन १.४५ असेल तर दोघांनाही ६७ च मिळणार, आणि खरं तर त्या सडपातळ माणसाची काळजी जास्त करायला हवी.

त्याने डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांच्या सांगण्यावरून दोन आठवडे पावडर बंद, टेस्टच्या आधी तीन दिवस जिम बंद, आदल्या दिवशी मांस नाही, पाणी नेहमीसारखं. परत केलं तर १.२८, ईजीएफआर ७८. आकडा सुधारला पण तरी रेंजच्या वरच्या टोकालाच राहिला, कारण मसल कुठे जाणार! म्हणून सोबत दोन टेस्ट अजून केल्या होत्या आणि खरं उत्तर त्यांनीच दिलं. एक सिस्टॅटिन सी. हे प्रोटीन शरीरातल्या जवळपास सगळ्याच पेशी बनवतात, मसल किती आहे यावर ते फारसं अवलंबून नसतं. त्याचं आलं ०.८५, त्यावरून काढलेला ईजीएफआर १०९. दुसरी लघवीतली अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो, ती आली ६, ३० च्या आत नॉर्मल धरतात. किडनीच्या चाळणीला इजा झाली की बऱ्याचदा प्रोटीन गळायला लागतं, इथे गळत नव्हतं. सिस्टॅटिन सी पण देववाणी नाही हं, थायरॉइडचा त्रास, स्टेरॉइडची औषधं, स्मोकिंग, अंगातली सूज यानेही ते हलतं, म्हणून हे डॉक्टरांना आधीच सांगायचं.

आता आठवडाभर आधी बंद करण्याचं. पावडर सोडल्यावर स्नायूतला वाढलेला साठा मूळ पातळीवर यायला ४ ते ६ आठवडे लागतात, त्यामुळे सात दिवसांत सगळं साफ होईल हे गृहीतच चुकीचं. मुळात लपवायला म्हणून बंद करू नका. डॉक्टरांनी सांगितलं तर करा आणि शेवटचा डोस कधी घेतला ती तारीख लिहून ठेवा. जिमची विश्रांती मात्र नक्की घ्या, दोन-तीन दिवस तरी, कारण जड व्यायामानंतर क्रिएटिनिनच नाही तर सीके हे स्नायूंतलं एन्झाइम वाढतं, लिव्हरच्या टेस्टमधले एएसटी-एएलटी वाढतात (आणि मग लिव्हरचाही शेरा पडतो), लघवीत तात्पुरतं प्रोटीनही दिसू शकतं.

४-५ लिटर पाण्याचा सल्ला तर मला रागच आणतो. डिहायड्रेशन असेल तर नेहमीएवढं पाणी प्यायल्याने फरक पडतो हे खरं, पण मसलमधून येणारं क्रिएटिनिन त्याने धुऊन जात नाही. होतं काय तर लघवी इतकी पातळ होते की नमुना संशयास्पद म्हणून परत मागू शकतात, आणि थोड्या वेळात इतकं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम खाली जाऊन जिवावर बेतू शकतं.

राहिलं फॉर्मचं. फॉर्मवर औषधं-सप्लिमेंट विचारलेली असतील आणि तुम्ही "नाही" लिहिलंत तर तपासणाऱ्या डॉक्टरसमोर उरतं काय, फक्त १.४५ आणि ६७. मग तो किडनीचा आजार धरूनच पुढे जाणार, त्याचा दोष नाही. आणि इन्शुरन्समध्ये खोटं उत्तर नंतर सापडलं तर क्लेमच्या वेळी अडचण घरच्यांना येते. खरं लिहिलं तर सहसा काय होतं, परत टेस्ट, जास्तीचे प्रश्न, थोडा उशीर. प्रीमियम वाढणारच नाही अशी खात्री कोणी देऊ शकत नाही, पण निर्णय निदान खऱ्या माहितीवर होतो.

लिहायचं कसं, तर "प्रोटीन वगैरे घेतो" असं मोघम नको. त्याने असं लिहिलं होतं: "क्रिएटिन मोनोहायड्रेट रोज ५ ग्रॅम, १८ महिन्यांपासून, शेवटचा डोस काल सकाळी. व्हे प्रोटीन रोज १ स्कूप. प्री-वर्कआउट आठवड्यातून ३ वेळा, लेबलचा फोटो जोडला आहे. वेट ट्रेनिंग आठवड्यातून ५ दिवस, शेवटचा व्यायाम काल संध्याकाळी. पेनकिलर नाही." लेबलचा फोटो मुद्दाम, कारण बऱ्याच प्री-वर्कआउटमध्ये क्रिएटिन असतंच आणि घेणाऱ्याला पत्ताच नसतो. पेनकिलरचाही उल्लेख हवा, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या वरचेवर घेतल्या तर किडनीला खरंच त्रास होऊ शकतो. ॲनाबॉलिक स्टेरॉइड घेत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा, त्यांच्यासोबत किडनीच्या चाळणीला इजा झाल्याच्या केसेस नोंदलेल्या आहेत. जुने रिपोर्ट असतील तर जोडा, तीन वर्षं १.३ च्या आसपासच असेल तर तो तुमचा नेहमीचा आकडा.

आणि हो, "मसल आहे म्हणून वाढलंय" हे पांघरूण सगळ्यावर घालू नका. अल्ब्युमिन रेशो ३० च्या वर परत-परत येत असेल, सिस्टॅटिनवरचा ईजीएफआरही ६० च्या खाली असेल, बीपी वाढलेलं असेल किंवा क्रिएटिनिन दर टेस्टला वर चढत असेल तर किडनीच्या डॉक्टरकडे जा. क्रॉनिक किडनी डिसीज म्हणायला बिघाड तीन महिन्यांहून जास्त टिकलेला असावा लागतो, त्यामुळे एका रिपोर्टवर शिक्का बसत नाही. फक्त खूप जड व्यायामानंतर स्नायू असह्य दुखतायत, सुजलेत आणि लघवी कोऱ्या चहासारखी गडद होतेय असं झालं तर मेडिकलची तारीख विसरा आणि त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, ते स्नायूंच्या पेशी फुटून रक्तात मिसळत असल्याचं लक्षण असू शकतं आणि त्यात किडनी खरोखर काही तासांत धोक्यात येऊ शकते.