मारुतिस्तोत्राच्या शीर्षकात ‘शुगर’ कशाला?

ग्रुपांवर फिरणारा हा संदेश आधी वाचा: «भक्ती चॅनल चालवणाऱ्या सर्वांसाठी महत्त्वाचे. १) आपल्या स्तोत्रांच्या फलश्रुतीतच रोग जातात असं लिहिलंय, मग आपण शीर्षकात लिहिलं तर काय चुकलं? २) खाली ‘हा श्रद्धेचा विषय आहे’ एवढी ओळ टाका, कुणी काही करू शकत नाही. ३) संतांचे चमत्कार सांगणं आता कायद्यातही बसत नाही आणि यूट्यूबलाही चालत नाही, मग किती घाबरायचं? ४) टॅगमध्ये ‘चमत्कारी’, ‘१००% गुण’ नसेल तर व्हिडिओ कुणालाच दिसत नाही. सगळ्या ग्रुपवर पाठवा.»

फलश्रुतीचा मुद्दा यातला सगळ्यात वजनदार आहे, म्हणून त्याला जास्त जागा देतो. समर्थ रामदासांच्या भीमरूपी स्तोत्रात शेवटाकडे ओळी येतात: ‘भूतप्रेत समंधादी रोगव्याधी समस्तही । नासती तूटती चिंता आनंदे भीमदर्शनें ॥’ त्या गायला, पडद्यावर दाखवायला, त्यांचा अर्थ सांगायला कुणीही अडवलेलं नाही आणि अडवूही नये. तिथे समर्थ बोलतात, पाठ करणाऱ्या भक्ताशी बोलतात, आणि स्तोत्र पूर्ण झाल्यावर बोलतात. ऐकणाऱ्याला हा सगळा संदर्भ माहीत असतो.

आता माझ्याकडे तपासायला आलेलं एक शीर्षक पाहा. नमुना म्हणून देतो, कारण या धाटणीची शेकडो सापडतात: ‘हे स्तोत्र ११ वेळा ऐका, शुगर-बीपी कायमचं गायब | चमत्कारी मारुती स्तोत्र’. इथे समर्थ बोलत नाहीत, चॅनलवाला बोलतो. तो भक्ताशी नाही, रुग्णाशी बोलतो. ‘रोगव्याधी’चं ‘शुगर-बीपी’ झालं, म्हणजे निदान झालं. ‘११ वेळा’ ही मात्रा झाली, ‘कायमचं’ ही हमी झाली. समर्थांच्या ओळीत यातलं काहीच नाही. आणि शीर्षक एकटंच फिरतं. शोधयादीत, सुचवलेल्या व्हिडिओंत, व्हॉट्सअॅपच्या लिंकखाली फक्त तेच दिसतं, पुढचं स्तोत्र नाही. गोळीचा खर्च झेपत नसलेल्या माणसाला ते दिसलं, तर त्याने काय समजायचं?

मी मथळा तपासताना चार गोष्टी विचारतो: कोण बोलतंय, कुणाशी, कुठल्या आजाराबद्दल आणि किती खात्रीने. ग्रंथ बोलत असेल आणि तसं लिहिलं असेल, तर चालतं. चॅनल प्रेक्षकाला आजाराचं नाव घेऊन शब्द देत असेल, तर तो दावा आहे, मग भाषा कितीही सोवळी असो.

यूट्यूबच्या वैद्यकीय दिशाभुलीच्या नियमांत नेमकं हेच पकडलं जातं: मान्य उपचारांऐवजी दुसऱ्याच गोष्टीने रोग हमखास बरा होतो असं सांगणं, किंवा डॉक्टरांकडे जाण्यापासून परावृत्त करणं. याच्या आधीची पायरी जाहिरातींची. जाहिरातदारांसाठी व्हिडिओ योग्य आहे की नाही हे ठरवताना व्हिडिओबरोबर शीर्षक, थंबनेल, वर्णन आणि टॅग हे सगळं पाहिलं जातं. आरोग्याबद्दलचे घातक दावे तिथे अडतात आणि डॉलरचं चिन्ह हिरव्याचं पिवळं होतं. गाणं निर्मळ असतं आणि कमाई जाते ती या चार ओळींमुळे.

आता ‘श्रद्धेचा विषय’ या ओळीबद्दल. भारतात ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत २०२२ साली मार्गदर्शक सूचना आल्या. त्यांत डिस्क्लेमरचं काम स्पष्ट केलं आहे. तो दाव्याचा खुलासा करू शकतो, पण मूळ दाव्याच्या उलट बोलू शकत नाही आणि दिशाभूल करणारा दावा दुरुस्तही करू शकत नाही. वर ‘कायमचं गायब’ आणि खाली बारीक अक्षरात ‘आम्ही कोणताही दावा करत नाही’, हे दोन्ही एकाच वेळी खरं असूच शकत नाही. उलट तपासणाऱ्याला त्या ओळीवरून एवढंच कळतं की लिहिणाऱ्याला आपण काय लिहितोय याची जाणीव होती.

तुम्ही म्हणाल, आमची जाहिरात कुठे आहे, आम्ही तर स्तोत्र टाकतो. बरोबर आहे, पण वर्णनात खाली काय आहे ते उघडून पाहा. १९५४च्या औषधे आणि जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्यात ‘जादूचा उपाय’ याच्या व्याख्येत ताईत, मंत्र आणि कवच हे शब्द नावानिशी आहेत. अनुसूचीत मधुमेह, रक्तदाब, कर्करोग, अर्धांगवायू असे अनेक आजार आहेत. जाहिरातीच्या व्याख्येत कागदी पत्रकाबरोबर प्रकाश किंवा ध्वनीच्या साधनाने केलेली घोषणाही येते. जादूच्या उपायांबद्दलचं कलम असे उपाय देण्याचा व्यवसाय करणाऱ्यांसाठी आहे, नुसतं स्तोत्र गाणाऱ्यासाठी नाही. पण त्याच वर्णनात ‘सिद्ध मारुती कवच मागवण्यासाठी या नंबरवर संपर्क करा’ असं असेल, तर वरचं शीर्षक त्या कवचाची जाहिरात होऊन बसतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१मध्ये टीव्हीवरच्या हनुमान चालीसा यंत्राच्या जाहिरातींबाबत हेच सांगितलं: देवाचं नाव घेऊन एखाद्या वस्तूत अलौकिक गुण असल्याचा दावा करत ती विकणं हे महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली बेकायदेशीर आहे.

रील ‘बूस्ट’ केली तर ती उघडउघड जाहिरातच होते आणि नियम आणखी कडक होतात. फेसबुक-इन्स्टाग्रामच्या जाहिरात नियमांत प्रेक्षकाच्या आजाराकडे किंवा धर्माकडे बोट दाखवणारी वाक्यं चालत नाहीत. ‘तुम्हाला मधुमेह आहे का? मग हे ऐका’ हे वाक्य त्यातल्या चमत्काराआधी प्रश्नावरच अडकतं.

संतांच्या चमत्कारांबद्दल जे पसरवलं जातं, त्याची मला खरी चीड येते. त्यामुळे भाबडी माणसं कायद्याला देवाचा शत्रू समजायला लागतात. महाराष्ट्राचा २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा वाचा. त्याच्या १२व्या कलमात काय काय या कायद्याखाली येत नाही, ते दिलं आहे: प्रदक्षिणा, यात्रा, उपासना, हरिपाठ, कीर्तन, प्रवचन, भजन, आणि दिवंगत संतांच्या चमत्कारांचं कथन व प्रसारसुद्धा. ज्ञानोबांनी भिंत चालवली, रेड्यामुखी वेद वदवले, हे कीर्तनात सांगा आणि शीर्षकातही घाला. ‘ज्ञानेश्वरांनी भिंत चालवली ती कथा’ हे निर्धोक शीर्षक आहे, कारण ती कथा आहे आणि कथा म्हणूनच मांडली आहे. कायदा जिवंत माणसाच्या तथाकथित चमत्काराच्या प्रदर्शनाला, त्यातून पैसे कमावण्याला आणि त्याच्या प्रचारातून लोकांना फसवण्याला किंवा धाक घालण्याला हात घालतो.

त्याच कायद्याच्या अनुसूचीत आणखी एक नोंद आहे: कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं. म्हणून ‘सापाचं विष उतरवणारा मंत्र’ या शीर्षकापुढे मी कुठलीही तडजोड करत नाही. साप चावलेल्याला लवकरात लवकर दवाखान्यात नेऊन, गरजेप्रमाणे प्रतिविष द्यावं लागतं. ज्या घरात मोबाइल आहे आणि दवाखाना लांब आहे, तिथे कुणीतरी घाईघाईत हेच शोधणार. तो व्हिडिओ सुधारू नका, काढून टाका.

राहिला टॅगचा प्रश्न. यूट्यूब स्वतःच सांगतं की व्हिडिओ सापडण्यात टॅगचा वाटा अगदी थोडा असतो, शब्दाचं स्पेलिंग लोक चुकवतात तिथे त्यांचा उपयोग होतो. तेव्हा ‘भिमरुपी’, ‘मारूती स्तोत्र’, ‘bhimrupi’ असे चुकीचे किंवा रोमन लिपीतले शब्द तिथे घाला. ‘diabetes cure mantra’ने शोध वाढत नाही, फक्त तुमच्याविरुद्ध पुरावा साठतो. टॅगचा गठ्ठा वर्णनात चिकटवणं तर मुळातच नियमाविरुद्ध आहे.

वरचं शीर्षक मी असं बदललं: ‘भीमरूपी महारुद्रा | संपूर्ण मारुतिस्तोत्र, अर्थासह | शनिवारचं पठण’. आजार गेला आणि लोक खरोखर शोधतात ते शब्द पुढे आले. वर्णनातलं ‘हे ऐकल्याने रोग नष्ट होतात’ काढून तिथे लिहिलं: ‘शेवटच्या श्लोकांत समर्थांनी फलश्रुती सांगितली आहे; तिचा अर्थ व्हिडिओच्या अखेरीस ऐका.’ थंबनेलवर मारुतीशेजारी साखर मोजायचं यंत्र होतं, ते काढलं. ‘माझी गाठ गेली, जय बजरंग’ ही प्रेक्षकाची कमेंट वर पिन केली होती, ती काढली. कमेंट भक्ताची असली तरी तिला मानाची जागा चॅनलनेच दिलेली असते. सबटायटलमध्येही एक गोम होती. गायिका ‘रोगव्याधी समस्तही’ म्हणते, आणि इंग्रजी सबटायटलमध्ये कुणीतरी ‘cures all diseases including sugar’ केलं होतं. मूळ ओळीत नसलेला आजार भाषांतरात घुसला होता.

या जागा सहसा नजरेतून सुटतात. शीर्षक-वर्णनाची दुसऱ्या भाषेतली रूपं वेगळी साठवलेली असतात आणि मराठी बदलली तरी ती तशीच राहतात. प्लेलिस्टचं नाव, प्रकरणांच्या वेळांपुढचे मथळे हेही पाहा. यूट्यूब स्टुडिओतल्या Upload defaults मध्ये कुणीतरी पूर्वी टाकलेला मजकूर प्रत्येक नव्या व्हिडिओला आपोआप चिकटत राहतो. तो तिथे बदलला तरी जुन्या व्हिडिओंत बदलत नाही, त्यासाठी ते निवडून एकगठ्ठा संपादन करावं लागतं. निवेदकाने सुरुवातीला तोंडानेच ‘शुगर जाते’ म्हटलं असेल, तर शीर्षक बदलून भागत नाही. स्टुडिओच्या एडिटरमध्ये तेवढा तुकडा कापता येतो आणि लिंक तीच राहते.

हे सगळं झाल्यावरच पिवळ्या चिन्हासाठी फेरतपासणी मागा. आधी मागून नंतर दुरुस्ती केली, तर तपासणाऱ्या माणसासमोर जुनंच शीर्षक जातं, आणि त्याचा निर्णय अंतिम धरला जातो.