पाच आला की वरच? ‘पायथॉन चुकतो’ या फॉरवर्डला उत्तर

आकडा जवळच्या पूर्ण आकड्यात आणण्याबद्दल, म्हणजे राउंडिंगबद्दल, पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेला नावं ठेवणारा सध्या फिरणारा मेसेज असा: “पायथॉनमध्ये `round(2.5)` करून बघा, उत्तर 2 येतं! शाळेतलं पोरही 3 सांगेल. ०, १, २, ३, ४ खाली आणि ५, ६, ७, ८, ९ वर, म्हणजे पाच आकडे इकडे, पाच तिकडे, एकदम न्याय्य. एक्सेल बरोबर 3 देतं. आणि राहिलाच थोडा फरक, तर मोठ्या बेरजेत प्लस-मायनस होऊन जातो.”

पाच-पाचची वाटणी ऐकायला चोख वाटते, पण तिच्यात शून्याला फुकट धरलंय. ७.० चे ७ केले तर काहीच खाली गेलं नाही. खरोखर खाली जातात ते .१ ते .४ हे चारच आकडे, आणि वर जातात ते .६ ते .९ हेही चारच. त्यांची जोडी लागते: .१ जेवढं गमावतो तेवढंच .९ कमावतो, .२ आणि .८ चं तसंच. एकटा उरतो तो .५. तो दोन्ही बाजूंपासून सारख्याच अंतरावर आहे, त्यामुळे ‘जवळचा आकडा कोणता’ या प्रश्नाला त्याच्यापुरतं उत्तरच नाही. त्याला दर वेळी वर ढकललं की दर वेळी अर्धा जास्तीचा धरला जातो. एक दशांश असलेल्या आकड्यांत शेवटचे दहाही अंक सारख्याच वेळा येत असतील, तर दर दहा आकड्यांमागे बेरीज ०.५ ने फुगते.

राहिला प्लस-मायनसचा भरवसा. चुका दोन्ही दिशांना होत असतील तरच त्या एकमेकींना खातात. एकाच दिशेच्या चुका नुसत्या साठत जातात. याचं प्रसिद्ध उदाहरण कॅनडातलं आहे. व्हँकुव्हर शेअर बाजाराचा निर्देशांक जानेवारी १९८२ मध्ये १००० वर सुरू झाला. प्रत्येक व्यवहारानंतर तो नव्याने मोजायचे आणि तिसऱ्या दशांशापुढचं सरळ कापून टाकायचे. नोव्हेंबर १९८३ मध्ये तो ५२४.८११ दाखवत होता, दुरुस्त केल्यावर १०९८.८९२ निघाला. तिथे पाचाचा प्रश्न नव्हता, सगळंच खाली कापलं जात होतं, म्हणून फरक एवढा अवाढव्य. पाचाचा फरक बारीक असतो, पण साठतो त्याच रीतीने.

“नेमका .५ येतो तरी किती वेळा?” असंही कुणी म्हणेल. मोजमापात क्वचित येतो, हे खरं. पैशांत मात्र ढिगाने. ५ टक्के जीएसटीची वस्तू राज्यातल्या राज्यात विकली की अडीच टक्के केंद्राचा आणि अडीच टक्के राज्याचा कर. रुपयाला अडीच पैसे. म्हणजे करपात्र किंमत पूर्ण रुपयांत आणि विषम असेल, तर कर प्रत्येक वेळी अर्ध्या पैशावरच येऊन थांबतो.

चार वस्तू घ्या: १५, २१, ३५ आणि ४५ रुपये. एका बाजूचा कर पैशांत होतो ३७.५, ५२.५, ८७.५ आणि ११२.५. बेरीज बरोबर २९०, आणि ११६ रुपयांचे अडीच टक्केही तेवढेच. आता प्रत्येक ओळ ‘पाच आला की वर’ने पूर्ण पैशात आणा: ३८, ५३, ८८, ११३. बेरीज २९२. चार ओळींत दोन पैसे हवेतून आले.

पायथॉनची पद्धत मधोमध अडकलेल्या आकड्याला जवळच्या सम आकड्याकडे नेते: ३८, ५२, ८८, ११२. बेरीज २९०. दोन वर गेले, दोन खाली. नेहमीच इतकं काटेकोर जुळत नाही, पण चुका दोन्हीकडे वाटल्या जातात. अशा दहा हजार ओळी झाल्या तर पहिल्या पद्धतीत ५,००० पैसे, म्हणजे पन्नास रुपये, हमखास जास्त लागतील. दुसरीत, सम-विषमाची सरमिसळ चांगली असेल तर, फरक साधारण पन्नास पैशांच्या आसपास राहील, आणि तो कुठल्या बाजूला पडेल हेही आधी सांगता येणार नाही.

समच का, विषम का नाही? वाटणी विषमानेही तितकीच होते. पण सम आकडा पुढे पुन्हा निम्मा करावा लागला तर नवा अर्धा उगवत नाही. छापा-काटा करूनही समतोल साधता आला असता, पण मग तेच बिल दोनदा काढलं की दोन वेगळी उत्तरं येतील, आणि ऑडिटरला काय सांगणार?

मात्र सम-नियम म्हणजे जादू नव्हे. दुकानातल्या करपात्र किमती ९९, १९९, २९९ अशाच असतील तर? कर येतो २४७.५, ४९७.५, ७४७.५ पैसे, आणि सम नियमानेही तिन्ही वरच जातात: २४८, ४९८, ७४८. ९९ वर संपणाऱ्या प्रत्येक किमतीला चाराने भागलं की बाकी तीन उरते, त्यामुळे हे टळतच नाही. ४९, १४९, २४९ असतील तर उलट सगळे खाली. आकड्यांनाच असा साचा असेल तर कुठलाही नियम वाचवत नाही. तिथे एकच उपाय: ओळी न गोलावता जोडायच्या आणि राउंडिंग शेवटी एकदाच करायचं. आपल्या सॉफ्टवेअरमध्ये हे घडतंय का ते बघायचं असेल, तर गोलावलेल्या ओळींच्या बेरजेतून मूळ ओळींची बेरीज वजा करा. महिनोन्महिने फरकाचं चिन्ह तेच राहत असेल, तर समजा एकतर्फी साठतंय.

एक्सेलचा दाखला तर अर्धाच आहे. शीटमध्ये `=ROUND(2.5,0)` 3 देतं, पण त्याच एक्सेलच्या व्हीबीए मॅक्रोत `Round(2.5)` 2 देतं. आणि ‘शाळेतला नियम’ हाच सगळीकडचा नियम, असंही नाही. आपल्याकडच्या भारतीय मानक आयएस २ च्या १९६० सालच्या आवृत्तीने मधोमधच्या पाचाला सम आकड्याकडेच न्यायला सांगितलं होतं. सिमेंट-पोलादाच्या चाचण्यांचे निकाल वर्षानुवर्षं त्याच नियमाने गोलावले गेलेत. टप्प्याटप्प्याने गोलावू नका असंही तिने बजावलं होतं: ०.५४९९ एका दशांशात ०.५ होतो, पण आधी ०.५५ केला तर पुढे ०.६ होऊन बसतो.

पायथॉनवर एक आक्षेप मात्र रास्त आहे, फक्त तो मेसेजमध्ये नाही. `round(2.675, 2)` चं उत्तर 2.67 येतं, आणि सम नियमाने तर 2.68 यायला हवं होतं. कारण संगणक आकडे बायनरीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून साठवतो, आणि २.६७५ तिथे नेमका मावत नाही, किंचित कमी साठवला जातो, म्हणजे तो मधोमध नसतोच. पैशांसाठी म्हणून आकडा दशांशातच नेमका साठवणारं पायथॉनचं `Decimal` वापरायचं आणि नियम स्वतः लिहायचा:

```python
from decimal import *
p = Decimal("0.01")
x = Decimal("0.525")
print(x.quantize(p, ROUND_HALF_UP))    # 0.53
print(x.quantize(p, ROUND_HALF_EVEN))  # 0.52
```

नियम लिहायचा तो जिथे जो लागू असेल तो. सीजीएसटी कायद्याचं कलम १७० कराची रक्कम जवळच्या रुपयात आणताना पन्नास पैसे किंवा जास्त असतील तर वर, असं स्पष्ट सांगतं. तिथे सम नियम लावणं ही चूक ठरेल, गणित कितीही सुंदर असलं तरी.