मामांची मेमरी गेली

मामांनी नवीन मोबाईल घेतला, जुन्यातलं ६४ जीबीचं कार्ड काढून त्यात टाकलं आणि मोबाईलने जाहीर करून टाकलं की कार्ड खराब आहे, फॉरमॅट करा. मामांचा लगेच फोन, "अरे माझी मेमरी गेली." नातवाच्या बारशाचे फोटो, भजनाची रेकॉर्डिंगं, सगळं त्यातच. मी म्हटलं मामा, काय वाटेल ते करा पण त्या फॉरमॅटच्या बटणाला बोट लावू नका, मी येतो.

मी पोचायच्या आत मामा कोपऱ्यावरच्या मोबाईलवाल्याकडे जाऊन आले होते. त्याने कार्ड उजेडात धरून बघितलं म्हणे, आणि "उडालं, नवीन घ्या" असा निकाल दिला. उजेडात धरून त्याला नेमकं काय दिसलं ते तोच जाणे.

आता मोबाईल "खराब" म्हणतो ना, त्याचा अर्थ बऱ्याचदा एवढाच असतो की मला हे वाचता येत नाहीये. म्हणून आधी लॅपटॉपला लावून बघू म्हटलं. मामांनी ड्रॉवरमधून एक अडॅप्टर काढला, तोच तो मोठ्या कार्डाच्या आकाराचा, ज्यात छोटं कार्ड सरकवतात. लावला, तर लॅपटॉपला काहीच दिसेना. मामा म्हणाले बघ, उडालंच. शेजारी बसलेल्या त्यांच्या मित्राने अडॅप्टरच्या कडेचं लॉकचं बटण शोधून काढलं आणि वर-खाली करत बसला, पण त्या लॉकने फक्त लिहिणं बंद होतं, वाचायला काही अडत नाही. कार्ड अजिबातच दिसत नसेल तर लॉकचा काय संबंध! अडॅप्टरमध्ये डोकं असं काही नसतंच, इकडची पिन तिकडे जोडणारे नुसते पत्रे, ते सैल झाले किंवा काळे पडले की खेळ खलास. मग मी माझ्या मोबाईलमधलं चांगलं चालणारं कार्ड त्याच अडॅप्टरमध्ये घातलं, तर तेही दिसेना. म्हणजे अडॅप्टरच बाद, कार्डाची बदनामी फुकट.

शेजारच्या पोराकडून यूएसबीवाला रीडर आणला, त्यात कार्ड दिसलं खरं, पण विंडोजही म्हणायला लागलं की वापरायच्या आधी फॉरमॅट करा. ज्याला त्याला फॉरमॅटचीच घाई! मी Disk Management उघडून बघितलं तर कार्डाचे दोन तुकडे, एक जेमतेम 16 MB चा आणि दुसरा उरलेला सगळा, आणि तिथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. विचारलं, मामा, जुन्या मोबाईलने कधी विचारलं होतं का की कार्ड पोर्टेबल करू की इंटर्नल? "हो ना, मी इंटर्नल दाबलं, आतलं म्हणजे सेफ."

इथेच गोम आहे. ॲंड्रॉइड 6.0 पासून ही सोय आली, कार्ड इंटर्नल केलं की मोबाईल त्याला स्वतःच्या पोटातलं समजतो आणि त्यावरचं सगळं कुलूपबंद करून टाकतो, आणि किल्ली कार्डावर नाही तर त्याच मोबाईलमध्ये ठेवतो. मग ते दुसऱ्या मोबाईलला द्या नाहीतर लॅपटॉपला, त्यांच्या दृष्टीने तो नुसता कचरा. आणि किल्लीवाला मोबाईल फॅक्टरी रिसेट केला की संपलं, रिकव्हरीचं कुठलंही सॉफ्टवेअर आणा, हातात काही येत नाही.

"जुना मोबाईल कुठाय?" मी विचारलं. मामा मामींकडे बघायला लागले. मामी म्हणाल्या, "तो 'जुने मोबाईल द्या, टब घ्या'वाला सकाळी आला होता." माझ्या पोटात गोळा. "पण मेला लहान टब देत होता, मी नाही दिला."

त्या लहान टबाचे उपकार! मोबाईल बंद करून कार्ड परत त्यात घातलं, चालू केला, जरा वेळ घेतला आणि सगळे फोटो जागच्या जागी. केबलने लॅपटॉपवर कॉपी केले, पाच-सहा उघडून खात्री केली, आणि मग कुठे कार्ड नवीन मोबाईलमध्ये घालून फॉरमॅट केलं, पोर्टेबल. पोर्टेबलला असलं कुलूप नसतं, कुठेही वाचता येतं, फक्त ॲपसाठी जागा वाढत नाही, पण मामांना कुठे ॲप टाकायचेत.

फोटो परत कार्डावर टाकून दिले. मामा एकेक बघत बसले आणि बारशाचा एक व्हिडिओ लागला, चित्र काही नाही, अंधारच, मोबाईल खिशात असताना चालू राहिलेला, पण आवाज खणखणीत. त्यात मामी व्याह्यांनी आणलेल्या पेढ्यांना नावं ठेवत होत्या आणि मामा "अगदी, अगदी" करत होते.

"हे आधी उडव," मामी म्हणाल्या. मामांनी चष्मा लावला आणि मला म्हणाले, "ते फॉरमॅटचं बटण कुठलं म्हणालास?"