अपील म्हणजे माफीनामा नव्हे: बसथांब्यांच्या खात्याबद्दल उत्तर

> «तुमचा नमुना अपील वाचून राग आला. आमच्या बेस्ट थांब्यांच्या मराठी नावांच्या प्रकल्पाचं गिटहबवरचं खातं स्पॅम ठरवून बंद केलं. तासाला ५००० विनंत्यांची मुभा आहे, आम्ही ४३० केल्या. शनिवारी-रविवारी फुकट काम करणाऱ्या पोरांनी हात जोडायचे का? शिवाय तुमचा मजकूर इतका लांब की तिकडे कोणी वाचणारही नाही. मी तीन अपिलं टाकली, चौथं टाकतोय. सोबत लॉग जोडलाय.» (घाटकोपरहून एक वाचक)

नमस्कार. लांबीबद्दलचा तुमचा आक्षेप रास्त आहे. नमुन्यातले प्रकल्पाची थोरवी सांगणारे दोन परिच्छेद आणि शेवटची दिलगिरी मी आजच काढून टाकली. तपासणाऱ्या माणसाला त्यातलं काहीच पडताळून पाहता येत नाही. पण स्पॅम ओळखणारं यंत्र चुकलं म्हणून आपण काहीच कबूल करायचं नाही, हे मला पटत नाही. लॉग जोडलात ते बरं झालं, कारण तुमच्या अडचणीचं मूळ त्यातच आहे.

५००० हा आकडा खरा आहे, पण तो गिटहबच्या सगळ्या विनंत्यांचा मिळून आहे आणि त्यात वाचणंही धरलेलं असतं. नवं काही तयार करायचं असेल, म्हणजे इश्यू, कमेंट, पुल रिक्वेस्ट, तर दुय्यम मर्यादा वेगळी आहे: साधारण मिनिटाला ८० आणि तासाला ५००. तुमच्या स्क्रिप्टने पहिल्या मिनिटात ८४ इश्यू उघडले. त्यानंतर लॉगमध्ये सलग एकच ओळ आहे:

```
403 You have exceeded a secondary rate limit.
```

तिथेच थांबायला हवं होतं. पण स्क्रिप्टमध्ये नकार आला की लगेच पुन्हा विचारायचं, प्रत्येक थांब्यासाठी एकूण तीनदा, असं लिहिलंय. उरलेले ३४६ थांबे गुणिले तीन म्हणजे १०३८ फेऱ्या. पहिले ८४ मिळवले की ११२२ विनंत्या होतात, आणि त्या सगळ्या जेमतेम सात मिनिटांत गेल्या. अपिलात तुम्ही ४३० लिहिलंत, पण पलीकडच्या नोंदीत ११२२ दिसणार. तुमचा हेतू कितीही स्वच्छ असो, आकडा जुळला नाही की पुढच्या वाक्यावरचा विश्वास उडतो. मर्यादा लागल्यावरही विनंत्या करत राहिलात तर बंदी येऊ शकते, हे गिटहबच्या कागदपत्रांत स्पष्ट लिहिलेलं आहे.

दुसरी गोष्ट लॉगमध्ये नाही, पण इश्यूच्या मजकुरात आहे. खोदादाद सर्कल असो की घाटकोपर आगार, प्रत्येक इश्यूचा मजकूर अक्षरशः तोच, फक्त थांब्याचं नाव वेगळं, आणि खाली पाच स्वयंसेवकांना `@` लावून हाक. ८४ गुणिले पाच म्हणजे ४२० सूचना, रात्री दोन वाजता, लोकांच्या मेलमध्ये. तुमच्या मनात नसलं तरी बाहेरून बघणाऱ्याला हे स्पॅमसारखंच दिसतं. त्यात स्क्रिप्टला तुम्ही वैयक्तिक टोकन दिलं होतं, त्यामुळे सगळे इश्यू तुमच्या नावावर पडले. अ‍ॅक्शन्सचं स्वतःचं `GITHUB_TOKEN` वापरलं असतं तर ते `github-actions[bot]` च्या नावाने दिसले असते. त्याने कृत्य माफ होत नाही, पण काम माणसाचं की यंत्राचं हे तरी कळतं.

अपील लिहिण्याआधी खात्याची नेमकी स्थिती बघा. लॉगिन होतंय, वर सूचनेची पट्टी दिसतेय, पण गुप्त खिडकीत तुमचं प्रोफाइल उघडलं की 404 येतंय, तर खाते झाकलं गेलंय. लॉगिनच होत नसेल तर ते निलंबित आहे. झाकलेलं असेल तर आधी अ‍ॅक्शन्समध्ये जाऊन ही स्क्रिप्ट चालवणारी वर्कफ्लो बंद करा आणि `Settings > Developer settings > Personal access tokens` इथून टोकन रद्द करा. हे करण्यापूर्वी «स्क्रिप्ट थांबवली आहे» असं लिहू नका. अपील तपासणीत असताना पुढच्या शनिवारी रात्री तीच स्क्रिप्ट पुन्हा सुटली, तर तुमचं वाक्य खोटं ठरेल.

वेळ लिहितानाही एक घोळ झालाय. अपिलात तुम्ही रविवारी पहाटे दोन लिहिलंत. गिटहबचं वेळापत्रक यूटीसीत चालतं, आणि तुमच्या फाइलमध्ये `30 20 * * 6` आहे, म्हणजे शनिवारी २०:३०, आपल्याकडचे रविवारी पहाटेचे दोन. तिकडचा माणूस रविवारचे दोन शोधायला गेला तर त्याला तिथे काहीच सापडणार नाही.

आता मजकूर. इंग्रजीतच पाठवा. काय सांगायचं ते कळावं म्हणून मराठीत देतो:

> माझं खाते स्पॅम म्हणून झाकलं गेलं आहे. कारण बहुधा हे असावं: ११ ऑक्टोबर २०२५ रोजी २०:३० यूटीसीपासून सुमारे सात मिनिटं माझ्या स्क्रिप्टने माझ्याच रिपॉझिटरीत ८४ इश्यू उघडले आणि दुय्यम मर्यादा लागल्यावरही न थांबता आणखी १०३८ विनंत्या केल्या. प्रत्येक इश्यूत पाच सहकाऱ्यांची नावं होती. मुंबईच्या बसथांब्यांची मराठी नावं तपासून घेणं हा उद्देश होता.
>
> वर्कफ्लो बंद केली आहे, टोकन रद्द केलं आहे. यापुढे दर थांब्याला वेगळा इश्यू उघडणार नाही, नावं एका फाइलमध्ये जातील. कोणालाही आपोआप हाक मारली जाणार नाही. कृपया खात्याचा फेरविचार करावा. आणखी काही बदल हवा असल्यास कळवावं.

इतकंच. यात कुठे हात जोडलेत? «बहुधा» मुद्दाम ठेवलंय, कारण नेमकं कोणत्या गोष्टीवर यंत्राने बोट ठेवलं हे तुम्हाला सांगितलेलं नाही. जे केलं ते ठामपणे लिहा, त्यामुळेच खातं अडकलं असा दावा करू नका.

चौथं अपील नव्याने टाकू नका. पहिल्याच तिकिटाला उत्तर म्हणून हा मजकूर पाठवा आणि आधीचा ४३० आकडा चुकला होता हे एका ओळीत सांगा. चार तिकिटं म्हणजे चार वेगळे तुकडे, त्यातल्या तिघांत चुकीचा आकडा. तोवर काम चालू ठेवायला दुसरं फुकट खातंही उघडू नका. अटींनुसार एका माणसाला एकच फुकट खातं मिळतं, सोबत केवळ स्वयंचलित कामासाठी एक यंत्र-खातं चालतं. अपील अडकलेलं असताना उघडलेलं नवं खातं पळवाटच दिसतं.

पुढे कधी इश्यू उघडणं खरंच गरजेचं असेल तर नकाराची वागणूक अशी ठेवा:

```python
if r.status_code in (403, 429):
    time.sleep(int(r.headers.get("retry-after", 60)))
else:
    time.sleep(8)
```

आठ सेकंदांच्या अंतराने तासाला ४५० होतात, म्हणजे ५०० च्या आत. दुसऱ्यांदा नकार आला तर स्क्रिप्ट पूर्ण थांबू द्या आणि काय झालं ते स्वतः बघा. पण मर्यादेत राहिलं की सगळं चालतं असं समजू नका. तेच ते ८४ इश्यू तासाभरात पसरून उघडले, तरी त्या पाच जणांना ४२० मेल जाणारच. म्हणून आगारानुसार एकेक इश्यू करा, आत थांब्यांची खुणेची यादी ठेवा.

खातं परत मिळाल्यावर ते ८४ जुने इश्यू स्क्रिप्टने झटक्यात बंद करायचा मोह होईल. इश्यू बंद करणं हीसुद्धा लिहिण्याचीच विनंती आहे, आणि ज्यांना हाक मारली होती त्या पाचही जणांना प्रत्येक बंद इश्यूची सूचना पुन्हा जाते. रोज दहा-बारा, हाताने बंद करा, आणि त्या पोरांना आधी ग्रुपवर कळवून ठेवा.